ताप उतरला, म्हणजे धोका टळला का?

डेंग्यूवरच्या लेखात ‘गुंतागुंत’ असं उपशीर्षक दिलं, तर घाबरलेली आई ते ओलांडून पुढे जाते. तिने शोधलेलं असतं, ‘डेंग्यूचा ताप उतरल्यावर काय होतं’. तिचेच शब्द उपशीर्षकात हवेत, कारण ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच सर्वांत जोखमीचे असतात. वेब-वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांच्या २००६च्या पाहणीत वाचकांची नजर ओळींच्या सुरुवातीला जास्त रेंगाळताना दिसली. म्हणून ‘काय’, ‘कसं’ मागे ठेवून ‘ताप’ आधी यावा. मराठीत ते सहज जमतं. ‘ताप उतरला, म्हणजे धोका टळला का?’ अशा प्रश्नरूपी उपशीर्षकामुळे उत्तर लांबतं, हा आक्षेप रास्त आहे, पण खालच्या पहिल्याच वाक्यात तो मिटतो: ‘नाही, पोटात खूप दुखलं, सतत उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच रुग्णालय गाठा.’ डासांच्या जातींबद्दल मात्र ती आई काही विचारत नसते. तिथे ओढूनताणून प्रश्न नको, साधं नावच बरं.