प्लास्टर चढलं की कमाई बंद

समजा, पुण्यात जेवण पोहोचवणारा एक रायडर पावसात घसरून पडला आणि पायाला प्लास्टर घातलं. कंपनीचा अपघात विमा असेल, तर दवाखान्याचं बिल निघेलही. पण पुढचे सहा आठवडे तो गाडीवर बसणार नाही. त्या दिवसांचं घरभाडं आणि दुचाकीचा हप्ता कशातून भरायचा? सुरक्षाकवचातलं सर्वांत मोठं भगदाड हेच आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

हाच माणूस 'ईएसआय' लागू असलेल्या कारखान्यात असता, तर कामावर झालेल्या दुखापतीसाठी त्याला सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळाली असती. रोज ६०० रुपये धरला तर दिवसाला ५४०, म्हणजे ४२ दिवसांचे २२,६८० रुपये. घरी परतताना झालेला अपघातही बहुतेक वेळा त्यात धरला जातो. रायडरच्या विम्याचं तसं नसतं. अनेक पॉलिसींमध्ये ऑर्डर चालू होती का, अ‍ॅपमध्ये लॉगिन होतं का, हे आधी पाहिलं जातं. शेवटची ऑर्डर देऊन लॉगआउट केलं आणि घरी निघाल्यावर पडला, तर दावा अडकू शकतो.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झाली. तिच्यानुसार कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत भरायची आहे, मात्र ती कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. योजनांच्या यादीत अपघात, आरोग्य, प्रसूती, वृद्धापकाळ आहेत. बुडालेल्या रोजाचा मात्र स्पष्ट उल्लेख नाही.

पैसा पुरणार नाही, हा आक्षेप तपासून पाहण्यासारखा आहे. ईएसआयमध्ये मालक ३.२५ आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. एकूण ४ टक्के, म्हणजे ६०० रुपयांवर २४ रुपये. उपचार, आजारपणाची भरपाई, प्रसूती असं सगळं त्यातून चालतं. शिवाय संहितेच्या ४५व्या कलमानुसार केंद्र सरकारला गिग कामगारांसाठी ईएसआयचे लाभ देणारी योजना आखता येते. दार कायद्यातच आहे, ते उघडायला हवं. एक अडचण खरी आहे: रायडरच्या कमाईतच पेट्रोल आणि गाडीची देखभाल मिसळलेली असते. ती वजा करून रोज ठरवावा लागेल.

एकाच दिवशी दोन-तीन अ‍ॅपवर काम करणाऱ्याचा मालक कोण, या प्रश्नावर महाराष्ट्राने १९६९च्या माथाडी कायद्यात उत्तर शोधलं होतं. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणून प्रत्येक व्यापाऱ्याने मजुरीसोबत ठरलेली लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने कामगाराच्या नावावर हिशेब ठेवायचा. मालक बदलला तरी खातं तेच राहतं. कर्नाटकाच्या २०२५च्या कायद्याची वाटही याच्या जवळून जाते. तिथे प्रत्येक व्यवहारातल्या कामगाराच्या मोबदल्यावर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क आकारायची तरतूद आहे. ऑर्डरमागे ४० रुपये मिळत असतील, तर ५ टक्क्यांनी दोन रुपये होतात. हे शुल्क कंपनीने भरायचं आहे, रायडरने नाही.