मॉडेल नवं, निकाल वेगळा

"याच अर्जाला जुन्या मॉडेलने होकार दिला होता, नवं नाही म्हणतंय. मग चुकतंय कोण?" कर्ज विभागाच्या प्रमुखांचा हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्यांना आकड्यांतच मिळायला हवं.

मॉडेल मुळात होकार किंवा नकार देत नाही. ते हप्ते थकण्याची शक्यता सांगतं, मर्यादा आपण ठरवतो. ती ५० टक्के असेल आणि एखाद्याची शक्यता ४८ वरून ५२ झाली, तर मॉडेलचं मत फारसं बदललेलं नसतं. निर्णय मात्र उलटतो.

हे चार टक्के निव्वळ योगायोगानेही हलतात. मॉडेल शिकवताना नोंदींचा क्रम, कुठल्या नोंदी कधी घ्यायच्या, हे बऱ्याचदा संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. त्या निवडीची सुरुवात ज्या आकड्याने होते त्याला सीड म्हणतात. माहिती तीच ठेवून फक्त सीड बदला, तरी काही अर्जांचे निकाल फिरतात. सीड कायम ठेवला तर तेच मॉडेल पुन्हा बनवता येतं, पण काठावरचे निकाल त्यामुळे पक्के होत नाहीत.

म्हणून आधी योगायोगाचा वाटा मोजावा. समजा, परतफेड झाली की थकली हे माहीत असलेली १०,००० जुनी कर्जं आहेत आणि ती शिकवताना वापरलेली नाहीत. जुन्या आणि नव्या मॉडेलचे निकाल त्यांतल्या ६०० ठिकाणी वेगळे आले. केवळ सीड बदललेल्या दोन मॉडेलांत ३५० ठिकाणी फरक पडत असेल, तर ६०० पैकी बराचसा बदल नव्या माहितीमुळे नाहीच. शिवाय या ६०० पैकी ३३० ठिकाणी नवं बरोबर आणि २७० ठिकाणी जुनं बरोबर निघालं, तर निव्वळ सुधारणा फक्त ६० कर्जांची. एवढ्यासाठी ६०० जणांचा निर्णय बदलायचा का, हे प्रमुखांनीच ठरवावं. (नाकारलेल्या अर्जदारांनी कर्ज फेडलं असतं का, हे मात्र या तपासणीत कधीच कळत नाही.)

मला खरी काळजी वाटते ती काठापासून दूरच्या बदलांची. एखाद्याची जोखीम ७० वरून ३० वर आली आणि असे अर्जदार एकाच प्रकारचे असतील, तर नव्या नोंदी उघडून पाहाव्यात. मार्च ते ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबवण्याची मुभा दिली होती. ज्यांनी ती घेतली, त्यांचा न भरलेला हप्ता त्या काळात थकबाकीत धरला गेला नाही. त्या महिन्यांच्या नोंदी तशाच शिकवल्या, तर अडचणीतला कर्जदारही मॉडेलला चोख वाटतो. इथे सीडचा काही संबंध नाही. ते महिने वगळावेत किंवा त्या कर्जांची पुढची परतफेड पाहून नोंदी दुरुस्त कराव्यात.

काठावरच्या अर्जांसाठी वेगवेगळ्या सीडची पाच-दहा मॉडेलं शिकवून त्यांची सरासरी घेतली की चढउतार बराच कमी होतो. त्यानंतरही ४५ ते ५५ च्या पट्ट्यात राहणारे अर्ज अधिकाऱ्याने स्वतः वाचावेत.