अंतर्गत नियंत्रण, अंतर्गत तपासणी व प्रमाणन

लेखापरीक्षणातील परस्परसंबद्ध अशा तीन संकल्पना. मालमत्तेचे रक्षण व्हावे, हिशेब विश्वसनीय असावेत व ठरलेली धोरणे पाळली जावीत, यांसाठी व्यवस्थापनाने उभारलेल्या सर्व योजनांना ‘अंतर्गत नियंत्रण’ म्हणतात. अधिकारांची मर्यादा, अंदाजपत्रक, मालसाठ्याची मोजणी, अंतर्गत लेखापरीक्षण इत्यादींचा तीत समावेश होतो. ‘अंतर्गत तपासणी’ हा या नियंत्रणाचाच एक भाग होय. एका व्यक्तीचे काम दुसऱ्या व्यक्तीच्या स्वतंत्र कामामुळे आपोआप पडताळले जाईल, अशी कामाची वाटणी म्हणजे अंतर्गत तपासणी. तीसाठी वेगळा तपासनीस नेमावा लागत नाही. या दोन्ही गोष्टी संस्थेच्या आहेत. ‘प्रमाणन’ मात्र लेखापरीक्षकाचे कार्य आहे. हिशेबवहीतील नोंद तिला आधारभूत असलेल्या पावती, बीजक, करारपत्र वा ठराव यांसारख्या पुराव्याशी, म्हणजेच प्रमाणकाशी, ताडून पाहणे यास प्रमाणन अथवा व्यवहारातील भाषेत ‘व्हाउचिंग’ म्हणतात.

अंतर्गत तपासणीचे मूलतत्त्व असे की, व्यवहारास मंजुरी देणे, रोकड वा माल ताब्यात ठेवणे आणि त्यांची नोंद करणे ही तीन कामे एकाच हाती असू नयेत. ती एकवटली म्हणजे काय घडते, हे रोख वसुलीच्या एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल.

एका घाऊक कापड दुकानात एकच कारकून ग्राहकांकडून वसुली घेतो, पावती देतो, रोकडवही लिहितो, बँकेत भरणा करतो आणि ग्राहकांची खातीही ठेवतो. ३ तारखेस ‘अ’ या ग्राहकाने ४,००० रुपये रोख दिले. कारकुनाने त्याला पावती दिली. परंतु रक्कम स्वतःकडे ठेवली व रोकडवहीत काहीच लिहिले नाही. १० तारखेस ‘ब’ याचा ५,००० रुपयांचा धनादेश आला. तो बँकेत भरून कारकुनाने त्यांपैकी ४,००० रुपये ‘अ’च्या नावे व १,००० रुपये ‘ब’च्या नावे जमा दाखविले. १७ तारखेस ‘क’ याचा ६,००० रुपयांचा धनादेश आला, तेव्हा ‘ब’ची राहिलेली ४,००० रुपयांची रक्कम त्यातून भरून काढण्यात आली व ‘क’च्या खाती केवळ २,००० रुपये पडले. याप्रमाणे तूट नाहीशी होत नाही. ती एका ग्राहकावरून दुसऱ्या ग्राहकावर सरकत राहते. या अपहारपद्धतीस ‘टीमिंग अँड लेडिंग’ असे नाव आहे.

या अपहाराचे वैशिष्ट्य असे की, नेहमीच्या पडताळ्यातून तो निसटतो. १० तारखेस रोकडवहीत एकूण ५,००० रुपये जमा आहेत आणि बँकेतही तेवढेच भरले आहेत. १७ तारखेस दोन्हीकडे ६,००० रुपये आहेत. त्यामुळे बँक मेळपत्रक बिनचूक जुळते. ग्राहकांच्या खात्यांची बेरीजही मुख्य खातेवहीशी जुळते, कारण दोन्हींत तीच चूक आहे. अशा वेळी प्रमाणन कोणत्या दिशेने केले जाते, याला महत्त्व येते.

लेखापरीक्षकाने रोकडवहीतील नोंद घेऊन तिची पावती शोधली, तर ‘अ’च्या ४,००० रुपयांस पावती मिळेल व रक्कमही जुळेल. या मार्गाने लिहिलेली नोंद खरी की खोटी, हे कळते. न लिहिलेली वसुली मात्र कळत नाही. तीसाठी उलट दिशेने, म्हणजे पावतीपुस्तकातील स्थळप्रती अनुक्रमांकाने घेऊन त्या रोकडवहीत शोधीत जावे लागते. तसे केल्यास ३ तारखेच्या पावतीची नोंद १० तारखेस झाल्याचे दिसते. ‘ब’च्या ५,००० रुपयांच्या एका पावतीच्या दोन नोंदी आढळतात आणि ‘क’च्या ६,००० रुपयांच्या पावतीपैकी २,००० रुपयेच जमा सापडतात. बँकेतील भरणा चिठ्ठीही तेच सांगते : तिच्यावर ‘ब’चा ५,००० रुपयांचा धनादेश आहे, तर रोकडवहीत त्याच दिवशी ‘अ’ व ‘ब’ अशी दोन नावे आहेत. म्हणून केवळ रक्कम न पाहता तारीख, नाव व अनुक्रमांक हेही पाहावे लागतात. पावतीच दिलेली नसेल, तर स्थळप्रतींचा उपयोग होत नाही. तेव्हा ग्राहकांना परस्पर पत्र पाठवून त्यांच्याकडील बाकी विचारणे हा उपाय उरतो.

याच दुकानात कामाची वाटणी केली असती, तर हा अपहार फार काळ टिकला नसता. टपाल उघडणाऱ्याने आलेल्या धनादेशांची यादी करावी, रोखपालाने छापील अनुक्रमांकाची पावती देऊन सर्व वसुली त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी, ग्राहकांची खाती तिसऱ्याने ठेवावीत, दरमहा बाकीपत्रके त्यानेच पाठवावीत आणि बँक मेळपत्रक रोकडीशी संबंध नसलेल्या व्यक्तीने करावे, अशी ही व्यवस्था असते. रोखपालाला सक्तीची रजा देणे हाही तिचाच भाग होय. कारण तूट सरकविण्याचे काम रोज करावे लागते व बदली माणूस बसताच ते थांबते. दोन-तीन नोकरांच्या लहान दुकानात एवढी वाटणी शक्य नसते. तेथे मालकाने स्वतः टपाल उघडावे, बँकेचे उतारे पाहावेत व धनादेशांवर सही करताना बीजके मागवावीत.

प्रमाणनाची व्याप्ती या व्यवस्थेवर अवलंबून असते. कामाची वाटणी नियमितपणे पाळली जाते असे चाचणीने दिसून आल्यास लेखापरीक्षक निवडक व्यवहारांचेच प्रमाणन करतो. व्यवस्था केवळ कागदावर असल्यास ते विस्ताराने करावे लागते. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १४३ नुसार, काही लहान खाजगी कंपन्या वगळता, कंपनीच्या अंतर्गत वित्तीय नियंत्रणांची पर्याप्तता व परिणामकारकता यांविषयीही लेखापरीक्षकाला मत द्यावे लागते. संगणकावरील हिशेबांतही तत्त्व तेच राहते. नोंद करणे व ती मंजूर करणे यांचे परवलीचे शब्द एकाच व्यक्तीला माहीत असतील, तर वाटणी नाममात्र ठरते.

या साधनांना मर्यादाही आहेत. ज्यांनी परस्परांवर नजर ठेवावयाची तेच संगनमत करू लागले, अथवा सर्वोच्च अधिकाऱ्यानेच व्यवस्था बाजूस सारली, तर अंतर्गत तपासणी निष्प्रभ होते. अमेरिकेतील मॅकेसन अँड रॉबिन्स या औषधकंपनीचे १९३८ मध्ये उघडकीस आलेले प्रकरण याचे प्रसिद्ध उदाहरण होय. कंपनीचा अध्यक्ष व खोटी नावे धारण केलेले त्याचे तीन भाऊ यांनी अस्तित्वात नसलेल्या मालाची खरेदी-विक्री कागदोपत्री दाखविली होती. सु. ८·७ कोटी डॉलरच्या एकूण मालमत्तेपैकी सु. १·९ कोटी डॉलरचा मालसाठा व येणी काल्पनिक निघाली. नोंदींना प्रमाणके होती. ती बनावट होती एवढेच. त्यानंतर १९३९ मध्ये अमेरिकन लेखापालांच्या संस्थेने मालसाठ्याच्या मोजणीस हजर राहणे व ऋणकोंकडून बाकी परस्पर पडताळून घेणे यांना नेहमीच्या लेखापरीक्षणात स्थान दिले. यावरून प्रमाणकाचे मूल्य ते कोठून आले, यावर ठरते हे दिसून येते : संस्थेतच तयार झालेल्या कागदापेक्षा बँकेकडून वा ग्राहकाकडून थेट लेखापरीक्षकाच्या हाती पडलेला कागद अधिक विश्वसनीय असतो.