डबा त्यांचा, राऊटर आपला

फायबरचं कनेक्शन घेतलं की कंपनीचा माणूस भिंतीवर एक पांढरा डबा ठोकून जातो. त्याला कुणी मोडेम म्हणतं, कुणी राऊटर. खरं तर त्या एका डब्यात चार वेगवेगळी कामं कोंबलेली असतात. काचेच्या तारेतून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या संदेशात रूपांतर करणं हे पहिलं काम. नाव आणि पासवर्ड देऊन कंपनीच्या सर्व्हरकडे लॉगिन करणं हे दुसरं. मिळालेला एकच पत्ता घरातल्या सगळ्या मोबाइल-लॅपटॉपमध्ये वाटणं हे तिसरं आणि वायफाय पसरवणं हे चौथं.

यातलं पहिलं काम हा डबा उत्तम करतो. उरलेली तीन बऱ्याचदा जेमतेम करतो. म्हणून लोक चांगला राऊटर विकत आणतात, त्याची वायर डब्याला जोडतात आणि झालं असं समजतात. वायफाय सुधारतंही. पण आता पत्ते वाटण्याचं काम दोन यंत्रं एकामागोमाग एक करत असतात. सोसायटीच्या फाटकावर एक वॉचमन आणि इमारतीच्या दारात दुसरा, आणि दोघांची वही वेगळी, अशी ही गत. आतून बाहेर जाणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही. म्हणूनच व्हिडिओ, बँक, व्हॉट्सअ‍ॅप सगळं सुरळीत चालतं. अडतं ते बाहेरून आत येणाऱ्याचं. घरच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर बाहेरगावाहून थेट उघडत नाही, काही ऑनलाइन खेळांत मित्रांशी जोडणी होत नाही, आणि घरातल्या हार्ड डिस्कवरची फाइल ऑफिसातून मिळत नाही.

यावरचा नेमका उपाय म्हणजे कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकणं. तसं केलं की डब्याकडे फक्त पहिलं काम उरतं, बाकीची तीन आपल्या राऊटरकडे येतात. वेग मात्र याने वाढत नाही. १०० एमबीपीएसचा प्लॅन १०० चाच राहतो.

कंपनी कुलूप का लावते?

मग तो डबा काढूनच का टाकू नये? कारण घराघरांत येणारी फायबर बहुतेक ठिकाणी सामायिक असते. एक्सचेंजमधून निघालेली एक तार वाटेत स्प्लिटरने फुटून अनेक घरांत जाते. ३२ किंवा ६४ घरं एकाच तारेवर असणं ही नेहमीची गोष्ट. या सगळ्यांनी एकदम बोलू नये म्हणून प्रत्येक डब्याला बोलायची वेळ ठरवून दिलेली असते, आणि एक्सचेंजमधलं यंत्र प्रत्येक डब्याला त्याच्या सिरियल नंबरावरून ओळखतं. अनोळखी किंवा बिघडलेला डबा जोडला, तर शेजाऱ्यांचंही इंटरनेट बंद पडू शकतं. शिवाय तक्रार आली की कंपनीला दुरूनच डब्याच्या सेटिंग बघता याव्या लागतात. म्हणून ग्राहकाला दिलेल्या लॉगिनमध्ये वायफायचं नाव आणि पासवर्ड एवढंच बदलता येतं. बाहेरच्या जोडणीचं पान त्यात दिसतच नाही.

ते पान उघडणारा पासवर्ड इंटरनेटवर शोधत बसण्यापेक्षा ज्या स्थानिक माणसाने कनेक्शन जोडलं त्यालाच फोन करावा. बीएसएनएलच्या फायबरमध्ये बऱ्याच ठिकाणी हे काम फ्रँचायझीकडे असतं, आणि ब्रिज करून देणं त्यांच्या रोजच्या कामातलं असतं. फोनवर चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात: पीपीपीओईचं यूजरनेम आणि पासवर्ड, व्हीलॅनचा नंबर, खातं ठरावीक यंत्राच्या मॅक पत्त्याशी बांधलेलं आहे का, आणि आपल्याला मिळणारा आयपी पत्ता सार्वजनिक आहे का.

एका घरातलं काम

एक घर डोळ्यांसमोर धरू. कोल्हापुरातलं दुमजली घर. डबा खाली हॉलमध्ये, मुलगी वरच्या खोलीतून कंपनीचं काम करते, आणि वडिलांना शेतावरून घरचे कॅमेरे बघायचे आहेत. डब्याच्या मागे लँडलाइनचा फोनही जोडलेला आहे. नवा राऊटर आणलाय.

पहिलं काम नव्या राऊटरवर. त्याचा स्वतःचा पत्ता बहुधा `192.168.1.1` असतो, आणि अनेकदा कंपनीच्या डब्याचाही तोच. दोघं एकाच पत्त्यावर राहिले तर पुढे डब्यात शिरणं अवघड होतं. म्हणून नव्या राऊटरचा पत्ता आधीच `192.168.10.1` असा करून ठेवायचा.

दुसरं काम डब्यावर. फ्रँचायझीचा मुलगा लॅपटॉप वायरने डब्याला जोडून `WAN` चं पान उघडतो. तिथे एकच जोडणी नसते, दोन-तीन असतात: एक इंटरनेटची, एक फोनची, एक कंपनीला दुरून डबा बघता यावा यासाठीची. काहीही बदलण्याआधी या प्रत्येकीचा मोबाइलवर फोटो काढावा. मग फक्त इंटरनेटच्या जोडणीला हात लावायचा. तिथे `Route` च्या जागी `Bridge` निवडायचं, व्हीलॅनचा नंबर होता तोच ठेवायचा आणि ती जोडणी `LAN1` या पोर्टशी बांधायची. काही डब्यांत जुनी जोडणी बदलता येत नाही. ती पुसून नवी करावी लागते, आणि फोटो कामी येतात ते इथेच. फोनची जोडणी चुकून पुसली गेली तर इंटरनेट चालेल, पण लँडलाइन मुकी होईल.

त्यानंतर डब्याचं वायफाय आणि घरात पत्ते वाटणारी `DHCP` ची सोय बंद करायची. डीएचसीपी बंद झाल्यावर डब्यात पुन्हा शिरायचं असेल तर लॅपटॉपला हाताने `192.168.1.5` असा एखादा पत्ता द्यावा लागतो, हे लक्षात ठेवावं.

तिसरं काम जोडणीचं. डब्याच्या `LAN1` मधून निघालेली वायर नव्या राऊटरच्या `WAN` लिहिलेल्या पोर्टमध्ये जाते. राऊटरमध्ये जोडणीचा प्रकार `PPPoE` निवडून यूजरनेम, पासवर्ड भरायचा. राऊटर व्हीलॅनचा नंबरही विचारतो, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. हा नंबर डब्याने किंवा राऊटरने, दोघांपैकी एकानेच लावायचा असतो. डब्यात तो भरलेला असेल तर राऊटरमध्ये ती जागा रिकामी ठेवायची.

झालं की नाही, हे कसं कळणार?

राऊटरच्या पानावर बाहेरच्या जोडणीला मिळालेला पत्ता बघायचा. तो `192.168.1` ने सुरू होत असेल तर ब्रिज झालेलाच नाही, डबा अजूनही पत्ते वाटतोय. तो पत्ता आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या एखाद्या वेबसाइटवर दिसणारा पत्ता एकच असेल तर काम फत्ते.

तिसरी शक्यताही असते. मिळालेला पत्ता `100.64` ते `100.127` या टप्प्यातला निघतो. आयपीव्ही४ चे पत्ते अपुरे पडू लागल्यावर २०१२ साली हा टप्पा खास कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. तो दिसला तर समजावं की ब्रिज नीट झालाय, पण कंपनी स्वतःच्या केंद्रात पुन्हा एकदा पत्ते वाटतेय. मुलीचं काम वरच्या खोलीत छान चालेल, मात्र वडिलांचे कॅमेरे शेतावरून थेट उघडणार नाहीत. घरातली कुठलीच सेटिंग हे बदलू शकत नाही. त्यासाठी कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्यावा लागतो, नाहीतर उत्पादकाच्या अ‍ॅपमधून कॅमेरे बघावे लागतात.

जोडणी होतच नसेल तर राऊटर काय म्हणतो ते वाचावं. सर्व्हरकडून काहीच उत्तर नाही असं तो सांगत असेल, तर पासवर्डवर संशय घेऊ नये. हाक पोहोचलेलीच नाही, म्हणजे व्हीलॅन चुकलाय, नाहीतर वायर भलत्या पोर्टमध्ये आहे. उलट ओळख नाकारली असं तो म्हणत असेल, तर हाक पोहोचली आहे. मग पासवर्ड तपासावा. तो बरोबर असेल तर बहुधा डब्याचं जुनं लॉगिन सर्व्हरवर अजून जिवंत असतं. डबा आणि राऊटर बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबावं. तरीही नकार आला तर खातं जुन्या मॅक पत्त्याशी बांधलेलं असणार. ते कंपनीकडून सोडवून घ्यावं. डब्यावर `LOS` चा लाल दिवा लागला असेल, तर मात्र ही सगळी चर्चाच गैरलागू. प्रकाशच पोहोचत नाही, तार तपासायला हवी.

आणखी एक फसवी अडचण म्हणजे काही वेबसाइट उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात. पीपीपीओई प्रत्येक पाकिटातल्या ८ बाइट स्वतःसाठी घेतं, त्यामुळे १५०० ऐवजी १४९२ बाइटच उरतात. राऊटरमध्ये `MTU` या रकान्यात १४९२ आहे का बघावं, आणि विंडोजवर ही कमांड द्यावी:

```
ping -f -l 1464 8.8.8.8
```

१४६४ मध्ये २८ बाइटचं वेष्टन मिळवलं की १४९२ होतात. उत्तर आलं तर माप बरोबर आहे. पाकिटाचे तुकडे करावे लागतील असा संदेश आला तर आकडा थोडा थोडा कमी करत जावा. उत्तर येईल त्या आकड्यात २८ मिळवून तो राऊटरमध्ये भरावा.

कुलूप उघडतच नसेल तर

सगळ्याच कंपन्या ब्रिज देत नाहीत. काही जोडण्यांत यूजरनेम-पासवर्ड नसतोच. खुद्द डब्याची ओळख हेच लॉगिन असतं. अशा वेळी डब्यातली `DMZ` ही सोय शोधावी. तिथे आपल्या राऊटरचा पत्ता दिला की बाहेरून येणारं सगळं डबा न अडवता राऊटरकडे ढकलतो. पत्ते वाटणारी यंत्रं दोनच राहतात, पण कॅमेऱ्यांसारखी बहुतेक कामं होतात. फक्त वायफायच सुधारायचं असेल तर एवढंही नको. नवा राऊटर `Access Point` मोडवर ठेवला की पत्ते डबाच वाटतो, राऊटर वायफायपुरता उरतो.

ब्रिजनंतर एक जबाबदारी मात्र आपल्या गळ्यात येते. सार्वजनिक पत्ता मिळाला असेल तर इंटरनेटच्या बाजूला उघडा असतो तो आता आपला राऊटर. त्याचा मूळ पासवर्ड बदलावा, बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय बंद ठेवावी आणि फर्मवेअर वेळच्या वेळी अद्ययावत करावं. काही महिन्यांनी इंटरनेट अचानक बंद पडलं, तर डबा रीसेट होऊन किंवा कंपनीने दुरून सेटिंग पाठवल्यामुळे पुन्हा `Route` वर गेलाय का, हे आधी बघावं. तसं नसेल तर राऊटर बाजूला काढून लॅपटॉप थेट `LAN1` ला जोडावा आणि विंडोजमधूनच `Broadband (PPPoE)` ची जोडणी करून बघावी. ती लागली तर दोष आपल्या राऊटरचा. नाही लागली तर कंपनीला फोन करावा, आणि तुमचा राऊटर खराब आहे असं पलीकडून ऐकू आलं तर ही तपासणी केल्याचं सांगावं.