आधी पीठ सांभाळा
लग्नाच्या आदल्या रात्री गोव्यातल्या एका पोदेराचा विजेचा ओव्हन बंद पडला. पावाचं पीठ फुगत आलं होतं. ते उबेत राहिलं असतं, तर पहाटेपर्यंत आंबट होऊन बसलं असतं. त्याने पीठ दाबून हवा काढली आणि लहान गोळे करून फ्रिजमध्ये ठेवले, कारण मोठा गोळा आतून लवकर थंड होत नाही. 4 अंशांना यीस्टचं काम अगदी मंदावतं. मग त्याने जुनी लाकडाची भट्टी पेटवली. पहाटे निखारे ओढून तळावर चिमूटभर मैदा टाकला. तो लगेच काळा पडला, म्हणजे भट्टी फार तापली होती. थोड्या वेळाने टाकलेला मैदा हळूहळू तांबूस झाला, तेव्हा पाव आत गेले. ओव्हन बिघडला, तर आधी पीठ थंड करा. दुरुस्तीचं नंतर बघा.