आवाजाची पट्टी का घसरते?

समजा, काळी दोनमध्ये गायलेलं दहा मिनिटांचं भजन तुम्ही लॅपटॉपवर वेगळं रेकॉर्ड केलं आणि कॅमेऱ्याच्या चित्राला जोडायला एडिटरमध्ये घेतलं. ऐकता तर आवाज जड झालेला, लय मंदावलेली, आणि भजन दहाऐवजी दहा मिनिटं त्रेपन्न सेकंद चालतंय. हार्मोनियमवर स्वर शोधायला गेलात तर तो पांढरी दोन आणि काळी एक यांच्या मधोमध कुठेतरी सापडतो. तिथे पट्टीच नाही.

डिजिटल आवाज म्हणजे आकड्यांची रांग. माइकमधून येणारा दाब सेकंदाला हजारो वेळा मोजला जातो. सीडीसाठी 44,100 वेळा, व्हिडिओसाठी बहुधा 48,000 वेळा. हाच सॅम्पल रेट. नुसत्या आकड्यांवरून तो कळत नाही, म्हणून वेव्ह फाइलच्या सुरुवातीच्या भागात तो लिहून ठेवलेला असतो.

दोन फाइलींचे रेट वेगळे असले म्हणून सहसा काही बिघडत नाही. एडिटर ते जुळवून घेतो. खरी गडबड होते ती नोंदच खोटी असते तेव्हा. वरच्या भजनात ऑडिओ इंटरफेस सेकंदाला 48,000 आकडे देत होता आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मात्र 44,100 धरून बसलं होतं. त्याने फाइलवर तेच लिहिलं. आता एका सेकंदाचे आकडे वाजायला 1.088 सेकंद लागतात, म्हणून लय आणि स्वर दोन्ही एकदमच उतरतात. उलट झालं तर तेच भजन नऊ मिनिटं अकरा सेकंदांत संपतं. 16,000 ची नोंद हवी तिथे 48,000 पडली, तर आवाज तिप्पट वेगाने, कार्टूनमधल्या खारीसारखा चिरका येतो.

निदानाला घड्याळ पुरतं. फाइलची लांबी भागिले खरी लांबी 1.088 किंवा 0.919 आली, तर दोष हाच. स्वर बरोबर असून फक्त ओठ आणि शब्द हळूहळू फाकत असतील, तर कारण दुसरं आहे; मोबाइलच्या चित्रणात फ्रेम रेट बदलता असला की असं होतं.

दुरुस्तीत एक चूक सर्रास होते: फाइल 48,000 ला ‘रीसॅम्पल’ करणं. त्याने खोटी नोंद खरी धरून नवे आकडे तयार होतात आणि आवाज तसाच जड राहतो. बदलायची असते ती फक्त नोंद. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतला `Rate` 48,000 करा, `Resample` ला हात लावू नका. एफएफएमपेगमध्ये हेच काम असं होतं:

```
ffmpeg -i bhajan.wav -af asetrate=48000 -ar 48000 theek.wav
```

एडिटरमध्येच करायचं असेल तर वेग 108.84 टक्के ठेवा, पण स्वर कायम ठेवण्याचा पर्याय आधी बंद करा. नाहीतर लय सुधारेल आणि पट्टी उतरलेलीच राहील. आणि पुढच्या रेकॉर्डिंगआधी इंटरफेस आणि सॉफ्टवेअर दोन्हींत 48,000 आहे ना, हे बघून घ्या.