शाळेची संग्रहालयभेट : आधी गाइडची वेळ, मग बाकीचे

शाळेने प्रदर्शन किंवा संग्रहालयाचे बुकिंग करताना सर्वांत आधी गाइडची वेळ पक्की करावी. बस, हजेरी आणि डबा या गोष्टी थोड्या पुढेमागे करता येतात. गाइडला मात्र त्यानंतर बहुधा दुसऱ्या शाळेचा गट घ्यायचा असतो. म्हणून त्या वेळेपासून मागे मोजत जावे.

समजा, पुण्याबाहेरच्या एका शाळेतील सातवीची 80 मुले राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहायला येणार आहेत. दिवे, अडकित्ते, वाद्ये अशा वस्तू तेथे लहान लहान दालनांत मांडलेल्या आहेत. अडकित्त्यावरची नक्षी जवळून पाहावी लागते. चाळीस मुलांचा घोळका कपाटापुढे उभा राहिला, तर मागच्यांना पाठीच दिसतात. त्यामुळे वीस-वीस मुलांचे चार गट करावेत आणि प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक द्यावा. दोन गाइड मिळाले, तर पावणेअकरा ते साडेअकरा दोन गट त्यांच्यासोबत फिरतील आणि उरलेले दोन गट शिक्षकांसह दुसऱ्या दालनांत कृतिपत्रिका सोडवतील. मग पाच मिनिटांत अदलाबदल करून दुसरी फेरी बारा वीसला संपेल.

आता आगमनाची वेळ काढता येते. हजेरी, दप्तरे ठेवणे आणि स्वच्छतागृह यांत ऐंशी मुलांची वीस-पंचवीस मिनिटे जातात. म्हणजे दहा वीसला मुले दारात हवीत. संग्रहालय बाजीराव रस्त्यालगतच्या गल्लीत आहे. तेथे बस उभी करणे अवघड असल्याने मोठ्या रस्त्यावर उतरून रांगेने चालण्यासाठी आणखी दहा मिनिटे धरावीत. प्रवास दोन तासांचा असेल आणि शहरातील कोंडीसाठी वीस मिनिटे राखली, तर बस शाळेतून सकाळी पावणेआठला निघावी. बुकिंगच्या पत्रात ‘आगमन’ आणि ‘मार्गदर्शन सुरू’ या दोन वेळा वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. एकच वेळ लिहिली, तर शाळा नेमकी त्याच वेळी दारात पोहोचते आणि हजेरीतच गाइडचा वेळ संपतो.

सातला न्याहारी केलेली मुले बारानंतर लक्ष देत नाहीत, म्हणून डबा साडेबाराच्या पुढे ढकलू नये. दालनांत खाता येत नाही. आवारात डबे खाता येतील का, पाणी व हात धुण्याची सोय आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारावे. नसल्यास जवळची जागा आधी ठरवावी.

बस पंचवीस मिनिटे उशिरा आली, तर पहिली फेरी अकरा दहाला सुरू होते आणि प्रत्येक फेरीला सुमारे बत्तीस मिनिटेच उरतात. अशा वेळी वाटेतूनच फोन करावा आणि दालने कमी करायला सांगावे. सगळी दालने धावत दाखवली, तर मुलांना एकही वस्तू नीट दिसत नाही. मुलांची अंतिम संख्या आदल्या दिवशी कळवावी. ऐनवेळी दहा-बारा मुले वाढली, तर वीसचा गट तेविसाचा होतो आणि मागच्यांना पुन्हा पाठीच दिसू लागतात.